बाणांच्या जाळ्यातले गट कसे शोधायचे

नमस्कार मंडळी. आज एक कागद आणि पेन्सिल जवळ घ्या, पेन नको, कारण खोडावं लागणार आहे. विषय आहे डायरेक्टेड ग्राफ, म्हणजे काही बिंदू आणि त्यांच्यामधले बाण, आणि बाण म्हणजे वन-वे रस्ताच समजा, क कडून ख कडे जाता येतं म्हणून ख कडून क कडे परत येता येईलच असं नाही. आता अशा ग्राफमध्ये कुठल्याही बिंदूवरून निघून दुसऱ्या कुठल्याही बिंदूला पोचता येत असेल, बाणांची दिशा न मोडता, तर तो ग्राफ स्ट्रॉंगली कनेक्टेड. आणि तसं नसेल तर त्याचे आपोआप गट पडतात, एका गटातले सगळे एकमेकांकडे जाऊ-येऊ शकतात, आणि तो गट आणखी वाढवता येत नाही. त्या गटांना स्ट्रॉंग कंपोनंट म्हणतात. हे गट कंप्युटरशिवाय, हाताने, आणि न चुकता कसे काढायचे ते सांगतो.

नऊ बिंदू काढा. क, ख, ग, मग घ घरातला, च चमच्यातला, छ छत्रीतला, ज जहाजातला, झ झाडातला, आणि ट टोपीतला. आता बाण, हळूहळू सांगतो. क कडून ख. ख कडून ग. ग कडून क, आणि ग कडूनच घ. घ कडून च. च कडून घ, आणि च कडून छ. छ कडून ज. ज कडून च, आणि ज कडून झ. शेवटचा, ट कडून ख. अकरा बाण झाले.

चित्र काढलंत ना, आता त्या चित्राकडे बघू नका. खरंच सांगतोय. मी कॉलेजात हा विषय शिकवतो, पेपर तपासताना दिसतं की निम्म्या चुका डोळ्याच्या असतात, दोन बाण एकमेकांवरून जातात आणि पोरगं भलत्याच बाणावरून पुढे निघून जातं, बाणाचं टोक कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. त्यामुळे चित्राशेजारी दोन रकाने करा. पहिल्यात प्रत्येक बिंदूसमोर तिथून कुठे जाता येतं ते लिहा, दुसऱ्यात तिथे कुठून येता येतं ते. म्हणजे ग च्या पहिल्या रकान्यात क आणि घ, दुसऱ्या रकान्यात फक्त ख. च च्या पहिल्यात घ आणि छ, दुसऱ्यात घ आणि ज. असं सगळ्यांचं करा आणि मग दोन्ही रकान्यांतली अक्षरं मोजा, दोन्हीकडे अकरा यायलाच हवीत, कारण प्रत्येक बाण एकदा निघताना लिहिला जातो आणि एकदा पोचताना. कुठे दहा आले तर एक बाण सुटला, तो आत्ताच शोधा, नंतर शोधणं फार अवघड जातं.

रकाने भरल्यावर पहिली गोष्ट लगेच दिसते. ट च्या दुसऱ्या रकान्यात काहीच नाही, तिथे कुणालाही पोचता येत नाही. आणि झ च्या पहिल्या रकान्यात काहीच नाही, तिथून कुठेही जाता येत नाही. म्हणजे हा ग्राफ स्ट्रॉंगली कनेक्टेड नाही, इतकं तर एका नजरेत ठरलं, आणि ट एकटाच एक गट, झ एकटाच एक गट. दोघांवर काट मारा. ते गेल्यावर त्यांचे बाणही गेले, म्हणून रकाने परत एकदा बघायचे, कधीकधी एक गेल्यामुळे दुसरा रिकामा पडतो, मग तोही जातो, कांद्याची सालं निघत जावीत तसं. आपल्याकडे तसं होत नाही, उरलेल्या सातही बिंदूंमध्ये येणारा बाणही आहे आणि जाणाराही आहे.

आणि नेमका इथेच घात होतो. पोरं म्हणतात सर, सगळ्यांना आत-बाहेर बाण आहेत, म्हणजे उरलेले सात स्ट्रॉंगली कनेक्टेड. नाही हो! प्रत्येक घराला दार आहे म्हणून प्रत्येक घरातून प्रत्येक घरी जाता येतं असं कुठे असतं?

मग खरी तपासणी काय? सात बिंदूंच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर बेचाळीस प्रश्न होतात, क वरून ख ला जाता येतं का, ख वरून क ला जाता येतं का, वगैरे. एवढी गरज नाही. कुठलाही एकच बिंदू धरा आणि दोनच प्रश्न विचारा. इथून सगळीकडे जाता येतं का? आणि सगळीकडून इथे येता येतं का? दोन्ही हो असतील तर संपलं. कारण मुंबईत जसं दादरला उतरून गाडी बदलतात तसंच हे, सगळीकडून दादरला येता येतं आणि दादरहून सगळीकडे जाता येतं म्हटल्यावर कुठूनही कुठेही व्हाया दादर जाता येणारच. हा मुद्दा मला स्वतःला फार आवडतो, कारण बेचाळीस प्रश्नांचं काम दोन फेऱ्यांत होतं.

चला, क ला दादर करू. पहिल्या रकान्यातून पुढे चला. क वरून ख, ख वरून ग, ग वरून क तर झालाच आहे, पण घ नवीन, घ वरून च, च वरून छ, छ वरून ज. सातही आले! आता इथे बऱ्याच जणांचा हात थांबतो, सगळीकडे पोचलो म्हणजे झालं असं वाटतं. थांबू नका, उलटी फेरी बाकी आहे. दुसरा रकाना घ्या. क ला कोण येतं, ग. ग ला कोण येतं, ख. ख ला कोण येतं, क आणि ट, ट वर आपण काट मारली आहे, क झालेलाच आहे. संपलं. फक्त क, ख, ग. म्हणजे क वरून घ ला जाता येतं, पण घ वरून परत यायला रस्ता नाही. ग कडून घ हा बाण म्हणजे एकतर्फी दरवाजा आहे.

आता गट कसा काढायचा, तर दोन्ही याद्यांमध्ये जे समान आहेत ते घ्यायचे. पुढच्या यादीत सात, मागच्या यादीत तीन, समान क, ख, ग. हा क चा गट, पूर्ण गट, त्यात नंतर कुणी वाढणार नाही. त्या तिघांवर काट मारा आणि उरलेल्यांत परत एक बिंदू धरा.

इथे एक जण हमखास विचारतो की सर, काट मारलेल्या बिंदूंतून जाणारा एखादा रस्ता त्यामुळे तुटला तर? चांगली शंका आहे. समजा एकाच गटातले दोन बिंदू आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत तिसरा लागला, तर त्या तिसऱ्यावरून दुसऱ्याकडे जाता येतं, दुसऱ्यावरून पहिल्याकडे परत, आणि पहिल्यावरून पुन्हा तिसऱ्याकडे, म्हणजे तो तिसराही त्याच गटातला निघाला. गटाच्या आतला रस्ता गटाबाहेर पडतच नाही, म्हणून दुसरा गट पूर्ण काढून टाकला तरी याचं काही बिघडत नाही.

उरले घ, च, छ, ज. घ धरा. पुढे गेलं की च, छ, ज, चारही आले. मागे गेलं की घ ला च येतो, ग वर काट आहे, च ला ज येतो, ज ला छ येतो, चारही आले. म्हणजे हा चौघांचा एक गट. यातही एक सापळा मी मुद्दाम ठेवला होता. चित्रात बघितलं तर घ आणि च चं एक छोटं चक्र दिसतं, आणि च, छ, ज चं दुसरं, आणि मुलं ते दोन वेगळे गट म्हणून लिहितात. पण च दोन्हीत आहे! एक बिंदू दोन गटांत कधीच असू शकत नाही, तसं दिसलं की समजायचं आपण चक्र मोजतोय, गट नाही, ते दोन्ही जोडून टाकायचे.

झाले चार गट. ट एकटा, क-ख-ग, घ-च-छ-ज, झ एकटा. बेरीज एक, तीन, चार, एक, नऊ, बरोबर. आणखी एक तपासणी करा, प्रत्येक गटाचा एक मोठा ठिपका करा आणि गटांमधले बाण तेवढे काढा. ट वरून क च्या गटाकडे, तिथून घ च्या गटाकडे, तिथून झ कडे. सरळ साखळी आली. या मोठ्या ठिपक्यांमध्ये चक्र यायलाच नको, आलं तर त्या चक्रातले गट खरं म्हणजे एकच होते आणि कुठेतरी चुकलंय.

बिंदू जास्त असले आणि बारीक बारीक गट खूप असले की या पद्धतीत त्याच त्याच रस्त्यांवरून परत परत चालावं लागतं, मग कोसाराजूची पद्धत घ्या, ती 1978 ची आहे. पहिल्या रकान्यावरून जमेल तितकं खोल जात राहायचं, आणि एखाद्या बिंदूवरून पुढे जायला नवीन काही उरलं नाही की तो यादीत लिहून मागे यायचं. आपल्या ग्राफमध्ये क पासून सुरुवात केली तर आधी झ लिहिला जातो, मग ज, छ, च, घ, ग, ख, क, आणि शेवटी वेगळा सुरू केलेला ट. आता यादी शेवटाकडून वाचायची आणि दुसऱ्या रकान्यावरून चालायचं, आधीच्या गटात न गेलेलं जे हाती लागेल तो एक गट. ट ला काही नाही, ट एकटा. मग क, त्याच्यामागे ग आणि ख. मग घ, त्याच्यामागे च, ज, छ. शेवटी झ. तेच चार गट. फक्त बिंदू लिहायचा तो संपल्यावर, पहिल्यांदा पाऊल ठेवल्यावर नाही. पाऊल ठेवतानाच लिहिलंत तर शेवटून दुसरा झ येतो, आणि झ पासून मागे चालत गेलं की ज, छ, च, घ, ग, ख, क सगळे एकाच गठ्ठ्यात येऊन पडतात आणि आठ जणांचा खोटा गट तयार होतो.

आता शेवटी एक प्रश्न, हा सगळा ग्राफ स्ट्रॉंगली कनेक्टेड करायचा तर किती नवीन बाण लागतील? मोठ्या ठिपक्यांच्या साखळीकडे बघा, ज्याच्यात काहीच येत नाही असा एकच, ट, आणि ज्यातून काहीच जात नाही असाही एकच, झ. झ कडून ट असा एक बाण काढा, आणि क धरून दोन्ही फेऱ्या पुन्हा करून बघा. पुढे नऊ येतात, मागेही नऊ येतात.