लिंक्डइन प्रोफाइलवर अपंगत्व लिहायचं का, आणि कुठे?

लिहायचं की नाही हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: ही माहिती वाचून समोरच्याला आत्ता काही वेगळं करावं लागणार आहे का? लागणार असेल तर लिहा, नसेल तर थांबा.

उदाहरण घेऊ. हिशेब विभागात काम करणारी एक मुलगी. श्रवणयंत्र लावते, समोरासमोर व्यवस्थित बोलते, पण फोनवर शब्द नीट कळत नाहीत. आपल्याकडे एचआरचा पहिला संपर्क बहुधा फोनवरच होतो. तिनं दोनदा उचलला नाही की ‘इंटरेस्ट नाही’ असा शेरा पडतो आणि तिला ते कधी कळतही नाही. इथे न लिहिण्याचं नुकसान थेट आहे.

मग ती काय करते? लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये ‘६५ टक्के कर्णबधिर’ लिहिते. हेडलाइन नावाला चिकटलेली असते. शोधात दिसते, तुम्ही कुठेही कमेंट केली तरी सोबत जाते. आणि टक्केवारी हे प्रमाणपत्राचं माप आहे. ४० टक्क्यांपासून आरक्षणाचा हक्क मिळतो, पण मुलाखत कशी घ्यायची हे त्यातून कुणाला कळत नाही. हेडलाइनमध्ये तिचं काम राहू द्या: जीएसटी, टॅली, ऑडिट. ‘अबाउट’च्या शेवटी दोन वाक्यं लिहा: ‘मला ऐकण्यात अडचण आहे, म्हणून पहिला संपर्क ई-मेल किंवा मेसेजवर करावा. व्हिडिओ मुलाखतीत कॅप्शन सुरू ठेवल्यास संवाद सुरळीत होतो.’ वैद्यकीय निदान नाही, टक्केवारी नाही. फक्त काय करायचं ते. आणि प्रोफाइलवरचा मोबाइल नंबर काढून टाका, नाहीतर लोक तोच फिरवतात.

औषधानं आटोक्यात असलेली फिट्स किंवा मधुमेह असेल आणि बैठं काम असेल, तर प्रोफाइलवर लिहिण्याचं कारण मला दिसत नाही. आजारपणातल्या खंडाचंही तसंच. ‘करिअर ब्रेक’ भरताना आरोग्याचा पर्याय निवडला की तोच सगळ्यांना दिसतो. नंतर खोडता येतं, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो खोडता येत नाही. फक्त तारखा पुरतात. विचारलं तर ‘आता पूर्णवेळ काम करू शकतो’ एवढं उत्तर द्या.

सरकारी भरतीचा अर्ज ही वेगळी गोष्ट. तिथे ४ टक्के आरक्षण हवं असेल तर अर्जातच दावा करावा लागतो, प्रोफाइलचा त्याच्याशी संबंध नाही. खासगी कंपनीत मात्र अर्ज करण्याआधी एक पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, शक्यतो वेबसाइटवर. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सुविधा आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख हवा. तो अधिकारी सापडला तर मुलाखतीच्या सोयी त्यालाच ई-मेलनं कळवा. मग त्या कंपनीपुरतं प्रोफाइलवर काही लिहावं लागत नाही.