फ्यूज खिशात ठेवणारे मिस्त्री

(जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या सेवा सन्मान कार्यक्रमात केलेल्या परिचयपर भाषणाचे संपादित शब्दांकन)

संचालक मंडळ, कास्तकार बंधू-भगिनी आणि कारखान्यातील सर्व सहकारी,

आज ज्यांचा सन्मान होत आहे, त्या आपल्या मिस्त्रीभाऊंचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा केवळ सेवापुस्तकातून तो घडणार नाही हे मला स्पष्ट दिसले. सेवापुस्तकात एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ते हेल्पर म्हणून लागले, पुढे फिटर झाले, एवढेच आहे. म्हणून कार्यक्रमापूर्वी मी हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया, प्रेसवरची माणसे आणि रात्रीचे चौकीदार यांना एकेकटे गाठून एकच प्रश्न विचारला : भाऊंचे असे काय आहे, जे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले? ऐकीव गोष्टी मी बाजूला ठेवल्या, आणि जे आज सांगणार आहे ते आधी भाऊंना ऐकवून त्यांची परवानगी घेतली आहे.

पहिली हकीकत प्रेसवरच्या सहकाऱ्यांची आणि चौकीदाराची आहे. दोघांनी ती वेगवेगळी सांगितली आणि दोन्ही जुळल्या. ऐन हंगामात कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा जिनच्या रोलरपाशी घासला, ठिणगी पडली आणि रुईच्या ढिगाने पेट घेतला. सगळ्यांनी धावपळ करून आग विझवली, आणि बाहेर ट्रक उभा असल्यामुळे प्रेस लगेच सुरू करावी असा आग्रह झाला. भाऊ मात्र ठिणगी पडण्याच्या सुमारास कोणती रुई प्रेसच्या पेटीत गेली याचा हिशेब मांडत बसले, आणि त्या वेळी बांधलेल्या गठाणी त्यांनी गोदामाऐवजी उघड्या मैदानात, एकमेकींपासून दूर ठेवायला लावल्या. गठाणींतून ना धूर येत होता, ना वास. लोक कुरकुरले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आग पोटात असू शकते. याले आत घेऊ नका.”

सुमारे १७० किलो रुई दाबून बांधलेल्या गठाणीत हवा फार थोडी असते, त्यामुळे आत शिरलेली ठिणगी भडकत नाही. ती दिवसेंदिवस धुमसत राहते, आणि वरून ओतलेले पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तिसऱ्या रात्री चौकीदाराला त्यांतल्या एका गठाणीतून धुराची बारीक रेघ दिसली. पाणी तयार ठेवून भाऊंनी पट्ट्या कापल्या, तर आतली रुई काळी पडून निखाऱ्यासारखी झालेली होती. ती गठाण गोदामात असती तर भोवतालची सगळी थप्पी पेटली असती. ट्रक रिकामा परत गेल्याचा राग त्या वेळी अनेकांना आला होता; मला मात्र तो रिकामा ट्रक आपल्या कारखान्याच्या भाग्याचा वाटतो.

दुसरी हकीकत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हेल्परची आहे. तो नवीन होता, तेव्हा जिनचा आवाज बिघडला की तो आधी यंत्राकडे धावायचा. भाऊ त्याला थांबवून यंत्राखालची मूठभर सरकी उचलायला सांगत. सरकीला रुईचे तंतू जास्त चिकटून राहिले असतील, तर चामड्याच्या रोलरवरच्या खाचा झिजल्या आहेत किंवा दाब कमी पडतो आहे. उलट रुईत सरकीचे तुकडे दिसले, तर सुऱ्यांमधले अंतर बिघडले आहे. दाब वाढवून रोलर तापवण्याची घाई त्यांनी कधी होऊ दिली नाही, कारण तापलेला रोलर रुईची प्रत बिघडवतो आणि आगीलाही आमंत्रण देतो. आधी सरकी, मग रुई, मग यंत्र, असा क्रम त्या पोराच्या अंगवळणी पडला.

याच हेल्परने सांगितलेली आणखी एक सवय मला सगळ्यात मोलाची वाटली. अडकलेला कापूस काढायचा असो की सुरी बदलायची असो, भाऊ मेन स्विच बंद करून थांबत नाहीत; फ्यूजचे किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घालतात, आणि काम संपून प्रत्येक माणूस यंत्रापासून दूर झाल्याची खात्री केल्यावरच ते परत बसवतात. एकदा घाईत कोणीतरी न विचारता स्विच वर केला, तेव्हा जिन सुरू झाली नाही, कारण फ्यूज भाऊंच्या खिशात होता. त्या क्षणी हेल्परचा हात रोलरजवळ होता. हे सांगताना त्याने दोन्ही हातांची बोटे माझ्यासमोर पसरली, आणि पुढे तो काही बोलला नाही.

कापूस निवडणाऱ्या बायांनी सांगितले ते थोडक्यात सांगतो. २००० नंतर कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून कारखान्यांचे आधुनिकीकरण सुरू झाले आणि प्लास्टिकची सुतळी, रंगीत धागा, केस यांच्यावर कटाक्ष आला. तेव्हा रुईत धागा सापडला म्हणून बायांवर ओरडणाऱ्यांना भाऊंनी त्या जागेवर नेऊन दाखवले की धागा प्लास्टिकच्या बोऱ्यांतून येतो आहे. त्यानंतर कापूस सुती कापडात आणण्याविषयी कास्तकारांना समजावण्याचे काम त्यांनी आपल्या सुटीच्या दिवशी केले. ‘आमचं कोनी ऐकत नव्हतं, भाऊनं ऐकलं,’ हे त्या बायांचेच शब्द आहेत.

मिस्त्रीभाऊ, आपण मंचावर यावे. सन्मानपत्र अध्यक्षांच्या हस्ते आणि शाल या बायांच्या हस्ते द्यावी, अशी विनंती मी सर्व कामगारांच्या वतीने करतो. ही मागणी त्यांनीच माझ्याकडे केली आहे.