दोन तासांची उशी

मंडळी, एका जुळणी कारखान्याचं गणित मांडतो. रोज 200 व्हॉल्व्ह लागतात. मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडायला 5 दिवस जातात, म्हणजे 1000 नग कायम वाटेत किंवा रॅकवर. वर 10 टक्के उशी धरली की 1100. एका पेटीत 50 नग, म्हणून 22 कानबान कार्डं फिरतात. पेटी उघडली की तिचं कार्ड पुरवठादाराकडे जातं, आणि कार्ड आल्याशिवाय तो नवा माल बनवत नाही.

आता पुरवठादार रोज गाडी पाठवायला तयार झाला. 5 दिवसांचा 1 दिवस झाला. त्याच हिशेबाने साडेचारच्या आसपास, म्हणजे 5 कार्डं पुरतात. 1100 नगांचे 250 झाले. अडकलेला पैसा मोकळा झाला, जागा मोकळी झाली, आणि सदोष माल आलाच तर त्याच दिवशी लक्षात येतो. पूर्वी तो हजार नगांखाली दडून राहायचा. माझ्या मते हा शेवटचा फायदाच सगळ्यांत मोठा आहे, आणि तो ताळेबंदात दिसत नाही.

पण त्या 5 पेट्यांपैकी 4 रोजच्या चक्रात गुंतलेल्या असतात. उशी म्हणून उरते एक पेटी. आठ तासांच्या पाळीत 50 नग दोन तासांत संपतात. गाडी तीन तास उशिरा आली, तर तासभर लाइन बंद. म्हणून पुरवठादाराची सरासरी वेळ मला सांगू नका. कधी तीन तास आधी आणि कधी तीन तास उशिरा येणाऱ्याची सरासरी अगदी चोख असते! गेल्या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा उशीर किती, तो त्या दोन तासांत बसतो का, हे तपासा.

1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बनत. टोयोटाची जवळपास सगळी गरज तोच कारखाना भागवत होता आणि टोयोटाकडे साठा जेमतेम होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. मग आयसिनने नकाशे इतर पुरवठादारांना दिले. ज्यांनी हा भाग कधी बनवला नव्हता, त्यांनीही साध्या यंत्रांवर तो कातून दिला, आणि साधारण आठवड्याभरात उत्पादन रुळावर येऊ लागलं.

हे जमलं, कारण व्हॉल्व्ह लेथवर कातता येतो. सेमीकंडक्टर चिपचं तसं नाही. ती घडायलाच काही महिने लागतात. म्हणून 2011च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना काही महिन्यांचा चिपसाठा ठेवायला सांगितलं. 2021च्या टंचाईत त्या साठ्यावर कंपनी सुरुवातीला इतरांपेक्षा जास्त काळ तगली. सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही जागतिक उत्पादनात सुमारे 40 टक्के कपात करावी लागली. मोठा साठाही संपतोच, पण पर्याय उभा करायला लागणारे दिवस तो देतो. तेवढे दिवस प्रत्येक भागासाठी वेगळे मोजावे लागतात.