उलटी गाडी

(दृश्य : सकाळ. अंबरनाथ स्थानक.)

पावणेसात वाजलेत. फलाटावरच्या जवळजवळ सगळ्या माना मुंबईहून उलट, गाडी येणार त्या दिशेला वळलेल्या. एक बाई मात्र डाऊनच्या फलाटावर, बदलापूरला जाणाऱ्या लोकलची वाट बघत उभ्या आहेत. ऑफिस आहे दादरला, इथून सुमारे पन्नास किलोमीटर. आणि त्या निघाल्यात पुढच्या स्टेशनला, नेमक्या विरुद्ध दिशेनं.

ह्याला म्हणतात ‘डाऊन करून येणं’. बदलापूरला गाडी रिकामी होते, आपण जागेवरून हलायचं नाही. तीच गाडी उलटी फिरून मुंबईला निघते. पास बदलापूरचा काढावा लागतो, वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात आणि बदलापूरच्या बायकांची बोलणीही खावी लागतात. त्यांचं काय चुकतं? त्यांच्याच स्टेशनवर गाडी आधीच भरून येते.

सव्वा तासाचा प्रवास कुणी हौसेनं लांबवतं का?

(दृश्य : खिडकीतून मागे पळणारं उल्हासनगर, कल्याण.)

उल्फ लुंडबर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये स्टॉकहोमला येणाऱ्या रेल्वे प्रवाशांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जण पहिल्याच स्टेशनवर चढत, काही अर्ध्या वाटेवर. त्यांच्या लघवीतलं अ‍ॅड्रिनलीन मोजलं. ताण आल्यावर शरीरात वाढतं, ते रसायन. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांना ताण जास्त असणार, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. अर्ध्या वाटेवर चढणारे जास्त ताणाखाली होते. लांबून येणाऱ्यांना रिकामा डबा मिळायचा. कुठं बसायचं, कुणाशेजारी बसायचं, हे त्यांना ठरवता यायचं.

अंबरनाथच्या बाईंनी लुंडबर्गचं नाव ऐकलेलं नाही. त्या एवढंच म्हणतात, “बसून गेले की ऑफिसात माणसासारखी वागते.”

त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई ठाण्याहून येतात. प्रवास निम्म्याहून कमी, पण गाडी ठाण्याला येते ती खच्चून भरलेली. एक सुटली, दुसरीत पाय ठेवायला जागा नाही. इकडे दहानंतर पंचिंग झालं तर लेट मार्क, आणि तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस रजा. साडेदहाला त्यांना कुणी साधी फाईल मागितली तरी, “सांगितलं ना, देते म्हणून!” शिपाई आता अकराच्या आधी त्यांच्याकडे जातच नाही.

(दृश्य : संध्याकाळ. दादर. इंडिकेटरवरची वेळ बदलते.)

संध्याकाळी मात्र पारडं फिरतं. सीएसएमटीहून सुटलेली गाडी दादरला येते तेव्हा भरलेली असते. सकाळच्या युक्तीसारखं सीएसएमटीला जाऊन बसून यावं, तर घरी पोचायला आणखी उशीर. मग उभंच राहायचं. बसलेलीला विचारून ठेवायचं, “कुठं उतरणार?” ती डोंबिवली म्हणाली, की डोंबिवलीपर्यंत खांद्यावरची पर्स पोटाशी धरून तोल सांभाळायचा. मधेच गाडी थांबते. का थांबली, किती वेळ थांबणार, कुणालाच माहीत नसतं.

गंमत म्हणजे गाडीत अंबरनाथच्या बाई चिडत नाहीत. उलट ग्रुपमध्ये हसतखेळत असतात. चिडचिड वर येते नंतर.

हे ‘नंतर’ अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी तपासलं होतं. त्यांचं पुस्तक आलं १९७२ मध्ये. लोकांना त्यांनी कर्कश आवाजात कामं दिली. आवाज चालू असताना लोकांनी निभावून नेलं. आवाज थांबल्यावर, शांततेत, कोडी सोडवायला दिली. तेव्हा ज्यांना आवाज केव्हा येणार याचा अंदाज नव्हता, त्यांनी लवकर हात टेकले. काहींना सांगितलं होतं, की हे बटण दाबलंत तर आवाज बंद होईल. बटण बहुतेकांनी दाबलंच नाही. पण ते हाताशी आहे एवढ्यावर ते जास्त वेळ टिकले.

बदलापूरची सीट म्हणजे सकाळचं बटण. संध्याकाळी बटण नाही.

(दृश्य : दार, चपला, स्वयंपाकघराचा दिवा.)

रात्री साडेआठ. पर्स अजून खांद्यावरच. आतून मुलाचा आवाज, “आई, उद्या चार्ट पेपर लागणारे!”

त्या दिवशी मुलाला फटका बसला होता. चार्ट पेपरसाठी. नंतर बाई बाथरूमचा नळ सोडून रडल्या. हे त्यांनी कॅमेरा बंद असताना सांगितलं, आणि मग म्हणाल्या, “घ्या, सांगा.”

तेव्हापासून घरात एक रीत आहे. आई आल्यावर वीस मिनिटं कुणी काही मागायचं नाही. नवरा कुकर लावून ठेवतो, त्या हातपाय धुऊन गॅलरीत बसतात. गाडीची गर्दी यानं तसूभरही कमी झालेली नाही. गाडी दीड तास रखडली, तर वीस मिनिटंही पुरत नाहीत.

मागायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रीजला लावायचं. आजची चिठ्ठी मुलाच्या अक्षरात आहे : ‘चार्ट पेपर. पिवळा. शुक्रवारी हवाय, आज नको.’