बहात्तरचा दुष्काळ किती मोठा?

'१९७२ चा दुष्काळ ही महाराष्ट्राच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना आहे.' हे वाक्य मी अनेक निबंधांत वाचलं आहे. त्यात चूक काहीच नाही, पण त्यातून कळतही काही नाही. दुष्काळाच्या जागी दुसरी कुठलीही घटना ठेवली तरी ते तसंच उभं राहतं. महत्त्व सांगायचं म्हणजे मोजून दाखवायचं. त्यासाठी व्याप्ती, कालावधी आणि परिणाम ही तीन मापं आपल्या हाताशी असतात. ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि निबंधाचं खरं काम तिथे सुरू होतं.

आधी व्याप्ती घेऊ. दुष्काळ म्हटलं की आपण मृत्यूंचा आकडा शोधतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली, असे अंदाज आहेत. महाराष्ट्रात तसा संहार झाला नाही. मग बहात्तरचा दुष्काळ लहान होता का? १९७२-७३ मध्ये राज्यातलं धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामं. म्हणजे मृत्यू मोजले तर ही घटना लहान दिसते, आणि जगण्यासाठी सरकारी कामावर यावं लागलेली माणसं मोजली तर प्रचंड दिसते. शिवाय मृत्यू कमी राहिले त्याला ही कामंही कारण होती. आपण कशाची व्याप्ती मोजतो आहोत आणि तीच का, हे निबंधात उघडपणे लिहा. ते लिहिलं नाही तर वाचक आपल्या मनातलं माप लावतो आणि तुमचा युक्तिवाद तिथेच ढासळतो.

कालावधीबद्दल थोडक्यात सांगतो. 'बहात्तरचा' या नावामुळे तो एका वर्षाचा वाटतो, पण राज्याच्या मोठ्या भागात पिकं १९७० पासूनच हातची जात होती. पहिल्या वर्षी घरातलं धान्य संपतं, दुसऱ्या वर्षी बैल विकले जातात, तिसऱ्या वर्षी विकायला काही उरत नाही. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला तो आधीच पोखरलेल्या घरांवर. कालावधी लिहायचा तो यासाठी. नुसती सुरुवातीची आणि शेवटची तारीख देऊन काही साधत नाही.

सगळ्यात जास्त गफलत परिणामांत होते. बहुतेक विद्यार्थी लिहितात, 'या दुष्काळामुळे रोजगार हमी योजना जन्माला आली.' हे तपासून पाहू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना साठच्या दशकातच मांडली होती आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोगही झाला होता. त्यामुळे कल्पना दुष्काळाची नाही. मग दुष्काळानं काय केलं? मागेल त्याला काम देणं इतक्या मोठ्या प्रमाणावर शक्य आहे, हे शासनाच्या आणि मजुरांच्याही डोळ्यांसमोर आणलं. काम संपल्यावर पुन्हा काम मागणारे लोक त्यातून तयार झाले. पुढे खर्चासाठी व्यवसाय करासारखे स्वतंत्र कर बसले, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणून 'जन्माला घातली' असं न म्हणता 'तालुक्यातल्या प्रयोगाला राज्याच्या कायद्याकडे ढकललं' असं म्हणा. दावा थोडा लहान होतो, पण कुणी उलट प्रश्न विचारला तर टिकतो.

अशा प्रत्येक परिणामाला दोन प्रश्न विचारावेत. ही घटना घडली नसती तर हे झालंच नसतं का? आणि घटनेपासून परिणामापर्यंतच्या मधल्या पायऱ्या दाखवता येतात का? पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. जमिनीच्या आकारावर नाही, तर घरातल्या माणसांवर पाणी वाटायचं, हे त्यातलं तत्त्व. इथे पायऱ्या स्पष्ट दिसतात, पण व्याप्ती काही गावांपुरती राहिली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यापर्यंत जाताना उलट होतं. व्याप्ती देशाएवढी, पण मधल्या तीस वर्षांत इतर कारणं, आंदोलनं आणि सरकारं येतात. तिथे 'महाराष्ट्राचा अनुभव हा त्यामागचा एक आधार होता' इतकंच लिहावं.

आता निष्कर्षाचं वाक्य. माझ्या मते ते असं असावं: 'मृत्यूंच्या मापानं १९७२ चा दुष्काळ बंगालच्या जवळपासही येत नाही. त्याचं महत्त्व यात आहे की सलग वर्षांच्या नापिकीनं लाखो लोकांना एकाच वेळी सरकारी कामावर आणलं, आणि त्या अनुभवानं काम मागण्याच्या हक्काला कायद्याचं रूप मिळायला मदत झाली.' यात तिन्ही मापं आहेत, पण भार परिणामांवर आहे. एखाद्याला तो व्याप्तीवर टाकायचा असेल, तर गुरं विकून मुंबई-पुण्याकडे निघालेल्या कुटुंबांपासून त्यानं मांडणी करावी. तोही निबंध मला मान्य असेल, फक्त त्या कुटुंबांना कामांवरच्या मजुरांपेक्षा वरचं स्थान का दिलं, हे त्यानं लिहिलेलं हवं.