पैठणी चार ओळींत कशी सांगायची

नमस्कार. येवल्याची पैठणी ऑनलाइन विकणाऱ्या तुम्हा सगळ्यांशी आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: फोटोखाली आपण जो मजकूर टाकतो, त्याबद्दल. बहुतेक ठिकाणी तो असा असतो, "प्युअर ओरिजिनल पैठणी, बेस्ट क्वालिटी, रॉयल लूक." यातला एकही शब्द ग्राहकाला पडताळून पाहता येत नाही. आणि शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीत सेमी पैठणी ठेवलेली असते, तिच्याखालीही अगदी हेच शब्द असतात. मग किमतीत एवढा फरक का, हे ग्राहकाला कळणार कसं?

माझं म्हणणं इतकंच की मजकुरात अशाच गोष्टी लिहा, ज्या साडी हातात आल्यावर ग्राहकाला तपासता येतील.

आता पदराचं पाहा. पारंपरिक पद्धतीनं पदर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. मोराचा निळा धागा मोरापुरताच जातो आणि कडेला शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरतो. त्यामुळे उलट बाजूलाही मोर तसाच दिसतो, लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत नक्षीचे धागे मागून आडवे धावतात, मग ते कापतात किंवा तसेच सोडतात. म्हणून "पदर दोन्ही बाजूंनी सारखा" या चार शब्दांना मोल आहे. मात्र इथे घाई नको. हातमागावर जॅकार्ड लावूनही पैठणी विणली जाते आणि तिच्या मागे धागे दिसतात. ती खोटी नाही, पण तिला "दोन्ही बाजूंनी सारखी" म्हणू नका. "हातमाग, जॅकार्ड काठ" असं सरळ लिहा.

दुसरं म्हणजे जर. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर महाग असते. आज बऱ्याच साड्यांमध्ये तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर असते आणि स्वस्त मालात तर प्लास्टिकची चकाकी असते. विणकराकडून माल घेतानाच जर कुठली ते विचारून घ्या. नुसतं "गोल्डन जरी" लिहिलं की ग्राहक सोन्याचीच समजतो, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

खात्रीच्या खुणांबद्दलही गोंधळ असतो. सिल्क मार्क २००४ पासून आहे. तो सांगतो की कापड शुद्ध रेशमाचं आहे. ते हातमागावर विणलंय की यंत्रमागावर, हे तो सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क आहे, २००६ पासून. म्हणून "सिल्क मार्क, म्हणजे हातमागाची" असं लिहू नका. लेबल असेल तर त्याचा जवळून फोटो द्या, नसेल तर त्याचा उल्लेखच टाळा.

आता एक साडी घेऊ. जांभळी, ताणा जांभळा आणि बाणा लाल, म्हणजे उजेडात हलवली की दोन्ही रंग खेळतात. हे लिहिलं नाही तर "फोटोत वेगळा रंग होता" म्हणून साडी परत येते. तिच्यासाठी मी असं लिहीन:

"येवल्यात हातमागावर विणलेली रेशमी पैठणी. ताणा जांभळा, बाणा लाल, उजेडाप्रमाणे रंग बदलतो. पदरावर मोर, उलट बाजूनेही तसेच. काठ नारळी. जर तांब्याची, सोनेरी मुलामा. लांबी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळं. सिल्क मार्क लेबल सोबत. फक्त ड्रायक्लीन. सुती कापडात गुंडाळून ठेवा, अधूनमधून घडी बदला. अत्तर थेट लावू नका."

एवढंच. निगेचे शब्द मुद्दामच ठेवलेत. जर एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथे मोडते, आणि अत्तरानं काळी पडू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो, म्हणून सुती कापड. हे आधी सांगितलं नाही, तर दोन वर्षांनी काळी पडलेली जर घेऊन ग्राहक तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, खोटी दिलीत.

फोटो मात्र एक जास्त टाका: पदराची उलट बाजू, दिवसाच्या उजेडात, मोराच्या कडेजवळून. फिल्टर लावू नका. मजकुरात "उलट बाजूनेही तसेच" असेल, तर ते इथे दिसलंच पाहिजे.

आणि हाच मजकूर उचलून दुसऱ्या साडीला लावू नका. पुढच्या साडीचा काठ पंखी असेल, पदरावर मुनिया असतील, जर निराळी असेल. साडी समोर पसरा, उलटून बघा आणि मगच लिहायला बसा.