वरिष्ठांना लिहायचे ते निर्णयासाठी

उद्योजक मित्रहो, उद्यमबाग आणि मच्छे या दोन्ही वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉप एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत, की सकाळी ओतलेले कास्टिंग दुपारी दुसऱ्याच्या मशीनवर चढलेले असते. फाउंड्रीचे मालक किंवा जनरल मॅनेजर आपल्याला लग्नकार्यात भेटतात, पंगतीला शेजारी बसतात. त्यामुळे मालात दोष निघाला की फोन करणे आणि "बघतो, बदलून देतो" एवढ्यावर समाधान मानणे ही आपली रीत झाली आहे. ही जवळीक मला मोलाची वाटते. पण तोच दोष तिसऱ्यांदा आला, की ओळखीच्या भाषेत त्याचा निकाल लागत नाही असे मी पाहत आलो आहे. अशा वेळी वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. ते कसे लिहावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे, आणि त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत घेणार आहे.

समजा, आपण हायड्रॉलिक पंपाच्या बॉडीचे राखाडी बिडाचे कास्टिंग एका फाउंड्रीकडून घेतो. तीन महिन्यांत 600 नग आले आणि मुख्य बोअर केल्यावर त्यांतील 38 नगांत ब्लोहोल उघडे पडले. फाउंड्रीच्या क्वालिटी विभागातील अधिकारी सज्जन आहेत. प्रत्येक वेळी त्यांनी तेवढी कास्टिंग बदलून दिली, पण दोष का येतो हे कळवले नाही आणि पुढच्या मालात तो पुन्हा आला.

आता जनरल मॅनेजरना लिहायचे, तर पहिला प्रश्न असा की त्यांनी नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? बहुतेक पत्रांत याचे उत्तरच नसते. हाताखालच्या माणसाविरुद्धची तक्रार तेवढी असते. वास्तविक क्वालिटी अधिकाऱ्याच्या अधिकारात कास्टिंग बदलून देणे असते. कोअर बॉक्स दुरुस्त करणे, कोअरला वायू बाहेर जाण्यासाठी नवी वाट काढणे किंवा कारण सापडेपर्यंत त्या पॅटर्नचे ओतकाम थांबवणे नसते. त्याला खर्च येतो, भट्टीचे वेळापत्रक हलते, आणि तो निर्णय वरच घ्यावा लागतो. म्हणून जो निर्णय फक्त जनरल मॅनेजर घेऊ शकतात तोच त्यांच्याकडे मागावा. मग खालच्या अधिकाऱ्याला दोष देण्याचे कारणच उरत नाही. उलट त्यांनी काय काय केले ते पत्रात प्रामाणिकपणे नोंदवता येते, आणि तसे नोंदवलेच पाहिजे.

लिहिण्यापूर्वी आपली बाजू तपासून घ्यावी. बाद झालेले नग भंगारात टाकू नयेत, कारण फाउंड्रीला ते कापून पाहावे लागतात. दोष नीट निरखावा. आतून गुळगुळीत, चकचकीत भिंतीचे भोक बहुधा वायूचे असते. आत खडबडीत, स्फटिकासारखी रचना दिसली तर ते आकुंचनाचे. आणि वाळूचे कण अडकलेले असतील तर गोष्ट आणखी निराळी. ड्रॉइंगमध्ये मशिनिंगसाठी 3 मिलिमीटर जादा धातू ठेवला असेल, तर आपण तेवढाच काढतो आहोत ना, हेही मोजून ठेवावे, कारण पहिला उलट प्रश्न हाच येईल. त्यानंतर प्रत्येक बाद नगाचा हीट नंबर आणि भोकाची जागा एका तक्त्यात मांडावी. आपल्या उदाहरणात असे दिसले की 38पैकी 33 नगांत भोक कोअरकडच्या एकाच बाजूला आहे, आणि ते सगळे दोनच हीटमधले आहेत.

येथे मोह होतो तो निदान करण्याचा. कोअरमधील बाइंडर जळून निघालेला वायू बाहेर जाऊ शकला नाही, असे आपल्याला वाटेल आणि ते बरोबरही असेल. पण वाळूतील ओलावा किंवा नीट न भाजलेला कोअर हीही कारणे असू शकतात, आणि फाउंड्रीच्या आत काय घडले ते आपण पाहिलेले नाही. "तुमचे कोअर कच्चे आहेत" असे लिहिले की चर्चा त्या एका वाक्यावर अडते. "33 नगांत दोष कोअरकडच्या बाजूला, दोन हीटमध्ये, तक्ता आणि मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो सोबत" असे लिहिले, तर खोडून काढण्यासारखे काही उरत नाही आणि कारणाचा माग फाउंड्रीचे तंत्रज्ञ स्वतःच काढतात. "वारंवार", "निष्काळजीपणा", "कोणी ऐकत नाही" हे शब्दही वगळावेत आणि त्यांच्या जागी तारखा घालाव्यात: 12 मे रोजी फोटो पाठवले, 26 मे रोजी बदली माल आला, कारण अद्याप कळवलेले नाही.

पत्र पाठवण्याआधी क्वालिटी अधिकाऱ्यांना सांगावे की बुधवारपर्यंत कारणाचा अहवाल मिळाला नाही, तर मी साहेबांना लिहीन आणि प्रत आपल्याला देईन. आपल्या गावात हे न सांगता केले, तर तो माणूस कायमचा दुखावतो, आणि पुढची कास्टिंग त्याच्याच हातून यायची असतात.

पत्राच्या पहिल्या चार ओळींतच सगळे यावे, कारण वरिष्ठ ते मोबाइलवर, दोन बैठकांच्या मधल्या वेळेत वाचतात. कोणता भाग, 600पैकी 38 नग बाद, कधीपासून, आणि मागणी काय: कारण सापडेपर्यंत प्रत्येक हीटमधील काही नग कोअरकडच्या बाजूला मशिनिंग करून पाहूनच माल पाठवावा, आणि अमुक तारखेपर्यंत कारण व उपाय लेखी द्यावा. कातडीखालचे ब्लोहोल नजरेने दिसत नाही, म्हणून "100 टक्के तपासून पाठवू" या उत्तरावर थांबू नये.

पैशाचा विषय वेगळ्या परिच्छेदात ठेवावा. दोष उघडा पडेपर्यंत एका नगावर 420 रुपयांचे मशिनिंग झाले असेल, तर 38 नगांचे 15,960 रुपये होतात. कास्टिंग बदलून मिळाले तरी हे पैसे भरून येत नाहीत, त्यामुळे त्यांची डेबिट नोट हिशेबासह द्यावी. मात्र रागाने सगळी बिले अडवू नयेत. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे मालाबद्दलची हरकत पोच झाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते, नाहीतर पोचीच्या दिवशीच माल स्वीकारला असे धरले जाते. देणे ठरलेल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत, चुकते करावे लागते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आपण कास्टिंग महिनाभर स्टोअरमध्ये ठेवतो आणि दोष मशीनवर कळतो. म्हणून प्रत्येक हीटमधील दोन-चार नग माल येताच मशीनवर चढवावेत आणि फोनवर बोललो तरी त्याच दिवशी मेल करावा.

साहेबांचा फोन आला आणि त्यांनी कोअर बॉक्स बदलायचे मान्य केले, तर संध्याकाळी तेच ठरलेले मुद्दे तारखांसह त्यांना लिहून पाठवावेत. प्रश्न मिटला हे कशावरून मानायचे, तेही तेव्हाच ठरवावे; उदाहरणार्थ, लागोपाठ तीन हीटमध्ये कोअरकडच्या बाजूला एकही ब्लोहोल नको. उत्तर आलेच नाही तर दुसरे पत्र मालकांना जावे, पहिले पत्र जसेच्या तसे जोडून. भर घालायची ती मधल्या काळात बाद झालेल्या नगांची आणि त्यांच्या हीट नंबरांची.